पावतीपुस्तकाबाहेरची नावं

वाचकाचं पत्र

"आमच्या मानेवाडा भागात वस्तीतल्या लोकांनी मिळून समाजभवनाच्या एका खोलीत वाचनालय उभं केलं आहे. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, संध्याकाळी साडेपाचला उद्घाटन. मी समितीची कोषाध्यक्ष. आयुष्यभर हिशेब लिहिले, माईकसमोर कधी उभी राहिले नाही. आता सगळे म्हणतात, समितीतर्फे तुम्हीच बोला. पण थोडक्यात बोला, लोकांना यावंसं वाटेल असं बोला आणि देणगीदारांचे आभार राहायला नकोत. पावतीपुस्तकात ४३ नावं आहेत, ११ रुपयांपासून ५१ हजारांपर्यंत. शिवाय पुस्तकं देणारे आणि टेबल करून देणारे सुतारभाऊ वेगळे. आमचे यजमान म्हणतात, सगळी नावं रकमेसकट वाच, नाहीतर लोक नाराज होतील. ज्यांनी आईच्या स्मरणार्थ ५१ हजार दिले ते म्हणतात, नाव आधी घ्या. एका बाईंनी तर नाव घेऊच नका म्हणून बजावलं आहे. हे सगळं करून भाषण थोडक्यात कसं होणार? आणि एखादं नाव सुटलं तर? रात्री झोप लागत नाही. वाटतं, हे काम एखाद्या बोलक्या माणसाला देऊन टाकावं."

— एक वाचक, नागपूर

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातल्या 'शिवाय' या शब्दापाशी मी थांबले. ४३ नावं पावतीपुस्तकात आहेत आणि 'शिवाय' पुस्तकं देणारे, टेबल करून देणारे. नाव सुटण्याची भीती तुम्हाला ज्या यादीबद्दल वाटते, तिच्यातलं एकही नाव सुटणार नाही, कारण ती तुम्ही स्वतः लिहिली आहे आणि प्रत्येक पावतीची स्थळप्रत तुमच्याजवळ आहे. नाव सुटतं ते या 'शिवाय'मधलं.

हे मी अनुभवाने सांगते. मी ग्रंथपाल म्हणून नोकरी केली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका छोट्या वाचनालयाच्या उद्घाटनात आभाराची यादी मीच केली होती. पावत्यांवरून केली, दोनदा तपासली, एकही चूक नव्हती. कार्यक्रम संपल्यावर एक बाई शांतपणे कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि एका पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. त्यांच्या नवऱ्याचा सगळा संग्रह त्यांनी वर्षश्राद्धानंतर आम्हाला दिला होता. दोन कपाटं त्याच पुस्तकांनी भरली होती. पैशांचा व्यवहार झाला नव्हता म्हणून पावती फाडली नव्हती, आणि पावती नव्हती म्हणून त्यांचं नाव माझ्या यादीत नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, पण जे नाव चारशे लोकांसमोर घ्यायचं असतं ते घरी जाऊन घेतलं तर तेवढं पुरत नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

म्हणून भाषण लिहायला बसण्याच्या आधी एक काम करा. एक कोरी वही घ्या, तिच्यावर 'वस्तुरूप देणगी' असं लिहा आणि समितीतल्या आणखी दोघांना घेऊन त्या खोलीत जा. दारापासून सुरुवात करा. जी वस्तू दिसेल तिला हात लावा आणि विचारा, हे कुठून आलं? कुलूप कोणी आणलं, पंखा कोणाच्या घरचा, ट्यूबलाइट कोणी बसवली, वायरिंगचे पैसे वायरमनने घेतले का, भिंतीला रंग कोणी दिला, सतरंजी कोणाची. मग कपाटं उघडा आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यांबद्दल तेच विचारा. एखाद्याने आपल्या वडिलांचा संग्रह दिला असेल. एखाद्याने दरवर्षी दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून विकत घेतलेली पुस्तकं आणून दिली असतील. तसल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर अनेकदा तारीख आणि सही सापडते, तीही बघून घ्या. टेबल कोणी केलं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्याचं लाकूड कोणी दिलं? गाडीवरून सामान कोणी आणलं? तारीख, नाव, वस्तू, एवढे तीनच रकाने पुरेत. तिघं मिळून केलं तर एकाला आठवलं नाही ते दुसऱ्याला आठवतं. माझ्या अंदाजाने १० ते १५ नावं तरी नवी निघतील. पुढच्या हिशेबासाठी आपण १४ धरू. म्हणजे नावं झाली ५७.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळते, कारण त्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. नावं ऐकू आली पाहिजेत. आपलं नाव दहा जणांत घेतलं जावं असं कुणाला वाटलं तर त्यात कमीपणा काही नाही, विशेषतः ते नाव आईचं किंवा गेलेल्या माणसाचं असेल तर. पण रक्कम कशाला? "श्री. अमुक अमुक यांनी रुपये दोन हजार एक देऊन सहकार्य केले" हे घड्याळ लावून वाचून बघा, सहा सेकंद लागतात. ४३ नावांना सव्वाचार मिनिटं होतात, मधल्या टाळ्या वेगळ्या. आणि टाळ्या मोठ्या रकमेलाच पडतात. ५१ हजारांना कडकडाट झाला आणि पाठोपाठ ११ रुपये वाचले गेले की मंडपात जी शांतता पसरते, ती ज्याने ११ रुपये दिले त्याच्या आयुष्यभर लक्षात राहते. रक्कम पावतीवर असते, वार्षिक हिशेबात असते, तिथे ती कुणालाही बघता येते. माईकवर तिचं काम नाही. नुसतं नाव वाचायला तीन सेकंद लागतात. ५७ नावांची तीन मिनिटंसुद्धा होत नाहीत.

पण ही तीन मिनिटंही तुमच्या भाषणात घालू नका. तुम्ही मानून चाललात की आभार मानणं आणि भाषण करणं हे एकच काम आहे आणि दोन्ही एकाच माणसाने, एकाच दमात करायचं आहे. तसं नाही. नावांचा फलक करा आणि फीत कापून झाल्यावर त्याचं अनावरण ठेवा. अनावरणाच्या वेळी वस्तीतली दोन मुलं, साधारण सातवी-आठवीतली, ती नावं आळीपाळीने वाचतील. टाळ्या मध्ये नकोत, शेवटी एकदाच, सगळ्यांसाठी. हे सूत्रसंचालकाने आधीच सांगून ठेवावं. मुलांच्या तोंडून नावं आली की कुणी त्यात राजकारण शोधत नाही. त्यानंतर तुम्ही बोलायला उभ्या राहाल तेव्हा सगळ्यांची नावं होऊन गेलेली असतील. तुमच्या भाषणात एकही नाव घ्यायचं नाही.

यावर तुम्ही म्हणाल, निदान चार-पाच मोठी नावं तरी. नाही. माझा आग्रह आहे: सगळी किंवा एकही नाही. पाच नावं घेतली की उरलेले ५२ जण आपण त्या पाचांत का नाही याचाच विचार करत बसतात आणि तुमचं पुढचं बोलणं त्यांच्या कानावरून जातं.

फलकावरचा क्रम कसा ठेवायचा याचं उत्तर तुमच्याच कपाटात आहे. आडनावाच्या अक्षरानुसार लावला तरी चालतो, पण तुमच्याजवळ त्याहून चांगला क्रम तयार आहे: पावती क्रमांकाचा. पहिली पावती ज्याने फाडली, त्याने वाचनालय नुसतं बोलण्यात होतं तेव्हा विश्वास ठेवला. त्याचं नाव पहिलं यावं यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. वस्तू देणाऱ्यांची नावं त्यांनी वस्तू दिली त्या तारखेनुसार मधेमधे बसवा, खाली वेगळा गट करू नका. सुतारभाऊंचं नाव पैसे देणाऱ्यांच्या ओळीतच आलं पाहिजे. फलकाच्या तळाशी थोडी जागा कोरी सोडा. उद्घाटनानंतर देणारे येतातच, आणि त्या दिवशी खोली बघूनही काही जण देतील.

फलक रंगवायला टाकण्याआधी प्रत्येकाला फोन करा आणि नाव कसं लिहायचं ते विचारा. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. नवऱ्याचं नाव मध्ये घालायचं की नाही, 'कै.' लिहायचं का, 'स्मरणार्थ' कुणाच्या, निवृत्तीआधीचं पद हवं का (मी म्हणेन, कुणाचंच नको), हे सगळं फोनवरच ठरतं. ज्या नावाची वेलांटी चुकली त्या माणसाला सुटलेल्या नावाइतकंच लागतं. आणि मुलांना वाचायला देताना फलकाचा फोटो देऊ नका. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या आणि त्यांच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घ्या. हिंदी, तेलुगू, सिंधी आडनावं आपल्या नागपुरात प्रत्येक गल्लीत आहेत, मुलं तिथे अडखळतात.

आता ते ५१ हजार देणारे गृहस्थ. तुम्ही लिहिलंत, ते म्हणतात नाव आधी घ्या. कुणाचं नाव? त्यांचं की आईचं? तुम्ही त्यांना हे विचारलं नसावं असं पत्रावरून वाटतं. समितीतल्या कुणीतरी निरोप आणला असेल आणि निरोपात 'आईचं' हा शब्द गळून पडला असेल. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा, फोनवर नको. त्यांना सांगा की फलक पावतीच्या क्रमाने आहे, रक्कम कुणाचीच लिहिलेली नाही, आणि तुमच्या आईंचं नाव असं असं लिहिलं आहे, बरोबर आहे का बघा. त्यांच्या पैशातून जे आलं, कपाटं म्हणा किंवा फरशी, त्यावर आईच्या नावाची छोटी पट्टी लावायची तयारी असेल तर तेही सांगा. मग आईबद्दल विचारा. त्या वाचायच्या का? शिकायला मिळालं होतं का? बहुतेक वेळा माणूस पाचेक मिनिटं आईबद्दल बोलतो आणि क्रमाची गोष्ट पुन्हा निघत नाही. तरीही त्यांनी आग्रह धरलाच, तर शांतपणे सांगा की क्रम समितीने सगळ्यांसाठी एकच ठरवला आहे. तो एकासाठी बदलला तर वाचनालयाच्या पहिल्याच दिवशी तुमच्या हातात उत्तर नसलेला प्रश्न येईल.

ज्या बाईंनी नाव नको म्हटलं त्यांचं ऐका, पूर्णपणे. फलकावर त्यांच्या जागी 'एक हितचिंतक' लिहायचं का, हेही त्यांना विचारून. भाषणात "आपल्यातल्याच एका भगिनीने" असं सूचकपणे म्हणू नका. वस्तीत असा इशारा मिनिटभरात उलगडतो आणि मग त्यांनी जे टाळलं तेच होतं.

भाषणाकडे येते. सावकाश, समजेल असं मराठी बोललं तर मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. तीन मिनिटांचं भाषण म्हणजे ३०० शब्द, म्हणजे वहीची दीड-दोन पानं. साडेपाचचा कार्यक्रम सुरू व्हायला पावणेसहा होतील, ऑक्टोबरच्या मध्यात आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो, आणि लोक अंगणात उभे किंवा खुर्च्यांवर दाटीने बसलेले असतील. तीन मिनिटं त्यांना जड जाणार नाहीत.

एवढ्या शब्दांत बसायचं तर काय सोडायचं ते आधी ठरवा. व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असतात, तुम्ही पुन्हा घेऊ नका. "मंचावरचे पाहुणे" एवढं पुरे. १५ ऑक्टोबर ही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, त्यामुळे त्यांच्याबद्दल पाहुणे बोलणारच आहेत, ते त्यांच्यासाठी राहू द्या. आणि मोबाईल. कृपा करून मोबाईलला नावं ठेवू नका. समोर बसलेली मुलं खेळ सोडून पुस्तकांच्या खोलीच्या दाराशी आली आहेत आणि त्याच क्षणी आपण त्यांना ती काय चुकीचं करतात ते सांगायला लागतो. मी अशा किती उद्घाटनांत मुलांचे चेहरे मिटताना पाहिले आहेत.

तुम्ही मात्र असं काही सांगू शकता जे मंचावरचा दुसरा कुणीही सांगू शकणार नाही. पैसे तुमच्या हातात दिले गेले. देताना कोण काय म्हणालं ते तुम्ही ऐकलं. म्हणून हे काम बोलक्या माणसाला देऊ नका. बोलक्या माणसाला शब्द सापडतील, पण तो पावती फाडताना तिथे नव्हता.

मी एक मसुदा देते. माहिती माझ्या कल्पनेची आहे, तुमच्या वहीतली खरी माहिती तिथे घाला. रिकाम्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत.

*"मंचावरचे पाहुणे आणि माझ्या वस्तीतल्या सगळ्यांना नमस्कार.*

*आत्ताच आपल्या मुलांनी ५७ नावं वाचली. त्यातल्या ४३ जणांची पावती मी माझ्या हाताने फाडली आहे. पैसे देताना कोण काय म्हणालं ते मला आठवतं. कुणी म्हणालं, आमच्या लहानपणी असं असतं तर आम्हीही शिकलो असतो. कुणी म्हणालं, ताई, आज एवढेच आहेत, पुढच्या महिन्यात पुन्हा येते. आणि ती खरंच आली. एका मुलाने गुल्लक आणली, आमच्या ओट्यावर फोडली आणि नाणी मोजायला माझ्याजवळ बसला.*

*आता जरा आत बघा. ती लोखंडी कपाटं एका आईच्या आठवणीत आली आहेत. हे टेबल आपल्याच वस्तीतल्या हातांनी केलं आहे आणि त्याची मजुरी कुणी मागितली नाही. भिंतींना रंग पोरांनी दोन रविवार लावून दिला. डावीकडच्या दोन फळ्या एका घराने दिल्या, त्या घरातला वाचणारा माणूस आता नाही, पण त्याची पुस्तकं आजपासून पुन्हा वाचली जातील. ज्यांनी ज्यांनी दिलं, त्या सगळ्यांचे मी समितीतर्फे आणि माझ्यातर्फे मनापासून आभार मानते.*

*या कपाटांत आज …… पुस्तकं आहेत. ती हाताळायला ठेवली आहेत. कपाट उघडा, पुस्तक काढा, दोन पानं वाचा, आवडलं नाही तर दुसरं काढा. कोणतं पुस्तक घ्यावं हे माहीत नसलं तरी या, इथे बसणारी व्यक्ती तुम्हाला शोधून देईल. फार दिवसांत काही वाचलं नाही म्हणून संकोच वाटत असेल, तर तसेच या.*

*उद्यापासून वाचनालय संध्याकाळी …… ते …… उघडं राहील. पुस्तक घरी नेण्यासाठी अनामत …… रुपये, शाळकरी मुलांना ……. ते भरायला जमत नसेल तर मला येऊन सांगा, मार्ग काढू.*

*आता मी जास्त बोलत नाही. आपल्या वाचनालयातलं पहिलं पुस्तक आज, आत्ता, घरी जाणार आहे."*

यानंतर माईक ठेवा आणि टेबलाशी जा. ज्या मुलाने किंवा बाईने पहिलं पुस्तक न्यायचं, तिने ते आधीच स्वतः निवडलेलं असू द्या. देवघेव नोंदवहीत नाव, पुस्तकाचा दाखल अंक म्हणजे नोंदणी क्रमांक, तारीख लिहा, तिची सही घ्या, पुस्तक हातात द्या. जमलं तर ते पुस्तक एखाद्या घराने दिलेल्या संग्रहातलं असावं. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. ज्याने आपल्या वडिलांची पुस्तकं दिली त्याला तुमच्या आभाराच्या वाक्याने जे मिळणार नाही ते वडिलांचं पुस्तक एका मुलीच्या हातात बाहेर जाताना बघून मिळेल. हे मी अनेकदा पाहिलं आहे. लोक फोटो काढायचंही विसरतात.

मसुद्यातल्या पुस्तकांच्या आकड्याबद्दल जरा सांभाळून. गठ्ठे मोजून "दीड हजार पुस्तकं" असं जाहीर करण्याचा मोह सगळ्यांना होतो. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तुमच्या लक्षात येईल: दाखल नोंदवहीत ज्या पुस्तकाला अंक मिळाला आहे तेवढंच वाचनालयाचं पुस्तक. दान आलेल्या गठ्ठ्यांत जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं निघतात, एकाच पुस्तकाच्या चार प्रती निघतात, पावसाळ्यात ओल धरलेली आणि वाळवी लागलेलीही निघतात. वाळवीचं पुस्तक कपाटात गेलं तर शेजारची फळी खलास होते. ती बाजूला काढावीच लागतात. म्हणून नोंद झालेला आकडा सांगा, तो ३००च असला तरी. "बाकीची नोंद चालू आहे" एवढं म्हटलं की झालं. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी येऊन विचारतं, मी दिलेली ७० पुस्तकं होती, इथे २२च दिसतात, उरलेली कुठे गेली?

याच कारणासाठी भाषणात "आपणही घरची पुस्तकं आणून द्या" असं मोकळं आवाहन करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दिवाळीची साफसफाई. त्या आवाहनानंतर माळ्यावरची रद्दी पोत्यांनी तुमच्या दारात येईल, आणि देणाऱ्याला "हे नको" म्हणणं फार अवघड असतं. हवं असेल ते नेमकं सांगा: लहान मुलांच्या गोष्टींची पुस्तकं हवीत, किंवा चालू वर्षाची स्पर्धा परीक्षांची हवीत. आणि आणण्याआधी यादी दाखवा म्हणा. स्पर्धा परीक्षांचा विषय निघालाच तर समितीत आधी ठरवून घ्या की ही खोली अभ्यासिका होणार की वाचनालय. दोन्ही करायला एक खोली सहसा अपुरी पडते. अभ्यासाला बसलेल्यांना शांतता हवी असते आणि गोष्टींची पुस्तकं बघायला आलेली मुलं आवाज करतात. मंचावरून दोन्ही कबूल करू नका.

आणखी दोन शब्द माईकवर येऊ देऊ नका. एक, 'शासनमान्य'. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, त्याखाली ग्रंथालयांना रीतसर मान्यता मिळते आणि मग अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ती मान्यता हातात येईपर्यंत तुमचं वाचनालय वस्तीचं आहे, आणि तसंच म्हणायचं. दुसरा शब्द, 'करसवलत'. उत्साहात कुणीतरी सांगतं की देणगीवर आयकरात सूट मिळेल. ती तुमच्या संस्थेकडे त्यासाठीची नोंदणी असेल तरच मिळते, आणि पुस्तकं-कपाटं अशा वस्तूंच्या देणगीवर मिळत नाही. हे तुम्हाला माहीत असेल, पण पाहुण्यांना किंवा सूत्रसंचालकाला नसेल. त्यांना आधीच सांगून ठेवा.

तयारी म्हणाल तर भाषण मोठ्या अक्षरात, ओळीत अंतर सोडून, कागदाच्या एकाच बाजूला लिहा. त्याच खोलीत, पंखा चालू ठेवून, तीनदा मोठ्याने वाचा. तिसऱ्या वेळी मोबाईलवर वेळ लावा. साडेतीन मिनिटांच्या वर गेलं तर शेवट कापू नका, सुरुवात कापा. शेवटी वेळ आणि अनामत आहे, लोकांना तेच हवं असतं. 'प्रसंगी', 'सदर', 'बहुमोल सहकार्य' असे शब्द तुम्ही घरी बोलत नसाल तर तिथेही बोलू नका. तुमच्या बोलण्यात 'पोरं', 'गुल्लक', 'काऊन' येत असेल तर येऊ द्या. समोर बसलेले सगळे तसंच बोलतात. गुल्लकीच्या जागी गळा दाटला तर थांबा, पाण्याचा घोट घ्या, लोक थांबतात.

आणि १६ तारखेपासून सगळ्या ५७ घरी एक-एक चिठ्ठी पाठवा. पैसे देणाऱ्याला पावती मिळालेली आहे, वस्तू देणाऱ्याला काहीच लेखी मिळालेलं नाही, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करा. दोन ओळी पुरेत: तुम्ही दिलेलं अमुक आमच्या वहीत अमुक क्रमांकावर नोंदलं आहे. ज्यांची पुस्तकं दाखल झाली त्यांना पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकाचा दाखल अंक कळवा. त्या पुस्तकांच्या आत, पहिल्या पानावर, 'यांच्याकडून भेट' अशी चिठ्ठी चिकटवा, डिंकाने, सेलोटेपने नको. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते.

मसुद्यातली एक रिकामी जागा मात्र तुम्हाला एकटीला भरता येणार नाही: उद्यापासून वाचनालय किती ते किती उघडं राहणार आणि तिथे कोण बसणार. समितीने बहुतेक उद्घाटनापर्यंतचाच विचार केला असेल. या रविवारी सगळ्यांना बसवा, आठवड्याचे सहा दिवस सहा जणांना वाटून द्या, नावं लिहून घ्या, आणि मगच ती वेळ भाषणात घाला.

तुमची,
सदरलेखिका